जाहिरात नसलेल्या इंटर्नशिपसाठी एक मेल : उद्यमबागेतलं एक प्रकरण

मावशीच्या धाकट्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, उंची पावणेसहा फूट झाली तरी. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला आहे, घर मजगावात, काका म्हणजे त्याचे वडील उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉबवर्क शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून देणाऱ्या कारखान्यात, व्हीएमसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, ऑपरेटर. मार्चमध्ये त्याचा फोन आला, सहावं सेमिस्टर संपलं की सहा आठवडे सुट्टी आहे, त्यात इंटर्नशिप पायजे, आणि, "मी तेवीस कंपन्यांना मेल पाठवलो की दादा, एकाचं बी उत्तर नाही."

मी पुण्यात चौदा माणसांच्या एका कंपनीत आहे, आमच्याकडं असले मेल येतात आणि ते वाचायचं काम नेमकं माझ्याकडं आहे, म्हणून त्याला म्हटलं पाठव बघू तो मेल. मेल इंग्रजीत होता, मराठीत मतलब असा: आदरणीय सर किंवा मॅडम, मी अमुक कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, मेहनती आहे, शिकायची आवड आहे, आपल्या नामांकित संस्थेत इंटर्नशिपची जागा असल्यास कृपया कळवावे, सोबत रेझ्युमे जोडला आहे. एकच मेल, तेवीस पत्ते बीसीसीमध्ये, बहुतेक सगळे `info@` नाहीतर `contact@` वाले. त्यातले तीन तर पोचलेच नव्हते, `550 5.1.1` असं लिहून परत आले होते, म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही. ते परत आलेले मेल त्यानं उघडून बघितले नव्हते, त्याला वाटलं कंपनीचं काहीतरी ऑटोमॅटिक उत्तर असेल.

आता हा मेल वाईट होता असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण मला त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं वाटलं, "जागा असल्यास कळवावे". ज्या कंपनीनं इंटर्नशिपची जाहिरातच काढलेली नाही तिथं जागा नसतेच. कुणी बजेट ठेवलेलं नाही, इंटर्नला कोण शिकवणार हे ठरलेलं नाही, त्यानं काय करायचं हेही ठरलेलं नाही. त्यामुळं जागा आहे का या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" एवढंच, आणि दहा माणसांची कंपनी चालवणारा माणूस "नाही" लिहायला पण बसत नाही, मेल तसाच खाली सरकत जातो. हो म्हणायचं तर आधी त्यालाच डोकं लावून काम शोधावं लागणार, ते पण अनोळखी पोरासाठी. मी स्वतः असे कितीतरी मेल बाजूला टाकलेत आणि मला त्याचं फार वाईटही वाटलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

मग तेवीस कंपन्यांची यादी घेऊन बसलो दोघं, व्हिडिओ कॉलवर. एकेक नाव घेऊन विचारत गेलो, ही कंपनी काय विकते आणि ते विकत घेणारा माणूस तू कधी डोळ्यांनी बघितलायस का. अठरा नावं तिथंच गळाली. उरलेल्या पाचातली एक बेंगळूरची होती, वेबसाइटवर नऊ जणांचे फोटो, लहान कारखान्यांसाठी एक डबा बनवतात. मशीनच्या पॉवर केबलला एक क्लॅम्प अडकवायचा, तो करंट मोजतो, आणि मशीन चालू आहे की रिकामी उभी आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं. मशीनच्या कंट्रोलरला हात लावायला लागत नाही, जुन्या मशीनलाही बसतो, हेच त्यांचं विकायचं वाक्य.

मी म्हटलं, "अरे, काका दिवसभर त्याच मशीनसमोर उभे असतात की."

तो गप्प. मग म्हणाला, "ते काय लिहायचं दादा."

त्याला लाज वाटत होती. रेझ्युमेमध्ये वडिलांचा व्यवसाय "खासगी नोकरी" असं लिहिलेलं, आणि मराठी, कन्नड, हिंदी या भाषा सगळ्यात शेवटी, क्रिकेट आणि वाचनाच्या खाली. (रेझ्युमेत वडिलांचा व्यवसाय लिहायचाच कशाला, पण ते राहू दे.) म्हणजे ज्या दोन गोष्टी त्या बेंगळूरच्या माणसाला पैसे देऊनही पटकन मिळणार नाहीत, उद्यमबागेतल्या शॉपच्या आत ऊठबस आणि ऑपरेटरशी त्याच्या भाषेत बोलता येणं, त्या यानं लपवून ठेवल्या होत्या आणि "मेहनती" हा शब्द वर टाकला होता.

नुसतं "माझे वडील ऑपरेटर आहेत" लिहून पण भागत नाही, ती ओळख झाली, काम नाही. म्हणून ठरवलं की आधी काकांनाच विचारायचं, असला डबा बसवला तर काय होईल. काका हसले म्हणे. "डबा सांगंल मशीन चालू हाय, पर सकाळी मी नुसतं गरम करत असतोय की." झालं, इथं प्रकरण वळलं. सकाळी शिफ्ट सुरू झाली की स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, पंधरा-वीस मिनिटं रिकामाच फिरवतात, वॉर्मअप म्हणतात त्याला, नाहीतर थंड मशीनवर पहिल्या जॉबचं, म्हणजे बनणाऱ्या भागाचं, माप हलतं. त्या वेळात मशीन करंट घेते, पण जॉब एकही निघत नाही. क्लॅम्पला हे कसं कळणार?

बारक्या दोन दिवस, एकेक शिफ्ट, वही घेऊन त्या मशीनपाशी बसला. मालकाला काकांनी आधी विचारलं होतं आणि मालकाची एकच अट होती, जॉबचा फोटो नको आणि कुठल्या पार्टीचा जॉब आहे ते लिहायचं नाही. अट बरोबरच आहे, जॉबवर्क वाल्याकडं ड्रॉइंग दुसऱ्याचं असतं, ते बाहेर गेलं तर पुढचं काम बंद. पॅनल उघडायला शॉपचा वायरमन होता, त्यानंच एका फेजला टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावून दिला, हे मी मुद्दाम सांगतोय कारण उत्साहात पोरं स्वतः पॅनलमध्ये हात घालतात. मग दर मिनिटाला दोन गोष्टी लिहायच्या, मीटरवर किती अँपिअर, आणि मशीन खरोखर काय करत्येय.

वहीत आलं ते असं. मशीन नुसती ऑन, काही फिरत नाही, तेव्हा साधारण ३ ते ४ अँपिअर. सकाळच्या वॉर्मअपला ५ ते ६. रफिंगला, म्हणजे जाड माल काढताना, ८ ते ११. आणि फिनिशिंगचा हलका कट चालू असताना परत ५ ते ६. म्हणजे रिकामी आणि रफिंग यांच्यात फरक सरळ दिसतो, पण वॉर्मअप आणि फिनिशिंग एकाच आकड्यात येऊन बसतात. आता रेघ कुठं मारायची? पाचाच्या खाली मारली तर वॉर्मअप पण उत्पादनात धरलं जाणार, सहाच्या वर मारली तर फिनिशिंग चालू असताना मशीन रिकामी आहे असं मालकाच्या मोबाइलवर दिसणार आणि ऑपरेटरला उगाच बोलणी बसणार. काकांना हा दुसरा मुद्दा जास्त लागला, साहजिक आहे.

एवढं हातात आल्यावर बारक्यानं जो मेल लिहिला त्याची सुरुवात होती, "तुमच्या प्रॉडक्टमध्ये एक मोठी चूक आहे". मी म्हटलं थांब. एक तर तू त्यांचा डबा वापरलेलाच नाहीस, तू टाँग टेस्टर वापरलायस. दुसरं, जो माणूस तीन-चार वर्षं हेच करतोय त्याला वॉर्मअप माहीत नसेल असं कसं धरून चालायचं. तू एक मशीन बघितलीस, एवढंच खरं आहे, तेवढंच लिही आणि प्रश्न विचार. शिवाय पहिल्या खर्ड्यात चार परिच्छेद होते, कोर्सेसची यादी होती, ढीगभर प्रोजेक्ट होते. सगळं काढलं. फाउंडर हा मेल मोबाइलवर बघणार, दोन मीटिंगच्या मध्ये नाहीतर रात्री जेवून झाल्यावर, एका स्क्रीनच्या पुढं गेला की गेला.

पत्त्याचं पण सांगतो. वेबसाइटवर फक्त `info@` होता. फाउंडरचं नाव मात्र टीमच्या पानावर होतं, आणि त्यांच्या इन्स्टॉलेशनच्या पीडीएफमध्ये शेवटी सपोर्टच्या माणसाचा पत्ता छापलेला होता, नुसतं पहिलं नाव आणि पुढं कंपनीचं डोमेन. मग फाउंडरचाही तसाच असणार हा अंदाज. तेवढा एकच पत्ता टाकायचा, पाच वेगवेगळे अंदाज एकाच मेलमध्ये टाकायचे नाहीत, कारण त्यातले दोन खरे निघाले तर दोघांनाही दिसतं की पोरगं अंधारात खडे मारतंय. परत आला असता तर दुसरा अंदाज करता आला असता, पण नाही आला.

शेवटी गेला तो मेल मराठीत असा होतो. विषयाची ओळ: "बेळगावातली एक व्हीएमसी, दोन शिफ्टचा करंट, एक प्रश्न".

"नमस्कार (इथं फाउंडरचं नाव). मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे वडील उद्यमबागेत व्हीएमसी ऑपरेटर आहेत. तुमचा क्लॅम्प वेबसाइटवर बघितला आणि वडिलांच्या मशीनवर मालकाच्या परवानगीनं दोन शिफ्ट बसून दर मिनिटाचा करंट आणि मशीनचं प्रत्यक्ष काम लिहून काढलं. सकाळचं वॉर्मअप आणि फिनिशिंग कट दोन्ही ५ ते ६ अँपिअरमध्येच आले. ही एकच मशीन आहे आणि मीटर साधा आहे. तुमच्याकडं हे दोन वेगळे कसे ओळखता, की हा प्रश्न फार येतच नाही?

जूनच्या शेवटापासून सहा आठवडे मी मोकळा आहे. तुम्ही इंटर्न घेता असं कुठं लिहिलेलं नाही, तरी विचारतो: तुमचा एक डबा इथल्या दोन-तीन शॉपमध्ये लावून, शेजारी बसून, डबा काय म्हणतो आणि मशीन काय करते याची नोंद तुम्हाला करून देऊ का? मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो, त्यामुळं इथं आणि कोल्हापूरकडंही ऑपरेटरशी बोलता येईल. मी बेळगावातच राहीन, बेंगळूरला जागा किंवा लॅपटॉप लागणार नाही. कॉलेजला फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेचं पत्र लागतं. नोंदींची शीट लिंकमध्ये आहे."

खाली नाव, फोन नंबर. रेझ्युमे जोडला नाही, मागितला तर द्यायचा. शीटची लिंक मात्र दुसऱ्या अकाउंटवरून, लॉगइन न करता उघडते का ते तपासून घेतलं, आणि बरं झालं तपासलं, कारण उघडतच नव्हती, परवानगी मागत होती.

कोल्हापूरचं वाक्य मी घालायला लावलं. बेंगळूरवाल्याला नकाशावर बेळगाव एका राज्यात आणि कोल्हापूर दुसऱ्या राज्यात दिसतं, त्यामुळं त्याच्या डोक्यात ही दोन वेगळी मार्केट असतात. पण उद्यमबागेपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी हायवेनं शंभरेक किलोमीटरवर, दोन्हीकडं फाउंड्री आणि मशीन शॉपचंच जग, आणि आपल्याकडचं पोरगं निपाणीच्या अलीकडं पलीकडं दोन्हीकडं सारखंच वावरतं. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, म्हणून ते आपण लिहीत नाही.

मेल मंगळवारी सकाळी गेला. मग काही नाही. बारक्या रोज विचारायचा, परत पाठवू काय, फोन करू काय, लिंक्डइनवर टाकू काय. मी म्हटलं एक आठवडा हात लावायचा नाही. पुढच्या मंगळवारी त्याच मेलखाली तीन ओळी टाकल्या, आणि त्यात "आठवण करून देतो" वगैरे नव्हतं, कारण त्या वाक्यानं समोरच्याला फक्त अपराधी वाटतं आणि तो अजून लांब पळतो. मधल्या रविवारी बारक्यानं शीटचा ग्राफ काढला होता तर त्यात एक नवीन दिसलं होतं, तेच लिहिलं: जॉब चालू असताना करंटचा आकार दर सात मिनिटांनी सारखाच परत येतो, वॉर्मअपमध्ये तसं परत येत नाही, ग्राफ जोडलाय. त्यातही उत्तर आलं नाही तर तिसरा मेल पाठवायचा नाही हे आधीच ठरवलं होतं.

उत्तर त्याच रात्री पावणेबाराला. दोन ओळी, खाली मोबाइलवरून पाठवल्याची शेपटी. "इंटर्न घेत नाही आम्ही. पण शीट बघितली, शनिवारी अकराला बोलू शकतोस का."

कॉल पंचवीस मिनिटं चालला. पहिला प्रश्न होता, मालकाची परवानगी खरंच घेतली होती का, कुणी दिली. मला हे ऐकून बरं वाटलं, ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याच्याकडं काम करू नये असं माझं मत. मग त्यानं सांगितलं की वॉर्मअपचा त्रास त्यांना माहीत आहे, शिफ्टची पहिली वीस मिनिटं धरू नका असं सेटिंग डब्यात आहे. म्हणजे बारक्याचा अर्धा शोध आधीच लागलेला होता, आणि मेलमध्ये "चूक" हा शब्द राहिला असता तर या जागी पंचाईत झाली असती. फिनिशिंगचं मात्र त्यांच्या गिऱ्हाइकांकडून, कास्टिंगचं रफिंग करणाऱ्या शॉपमधून, कधी नीट समोर आलं नव्हतं. मग फाउंडरनं विचारलं, आकार परत येतो म्हणतोस, पण डाय-मोल्डवाल्यांकडं एकच जॉब चार दिवस चालतो, तिथं काय परत येणार? बारक्या म्हणाला, "तिथं चालणार नाही सर, मला माहीत नाही तिथं काय करायचं." मी नंतर त्याला म्हटलं, कॉलमधलं सगळ्यात बरं उत्तर हेच होतं तुझं.

पैशाचं बोलणं फाउंडरनंच काढलं, आणि आधी म्हणाला सर्टिफिकेट देऊ, शिकायला मिळेल. इथं बारक्या लगेच हो म्हणणार होता, पण आमचं आधी बोलून ठेवलं होतं. ओळख नसताना दोन शिफ्टची नोंद फुकट दिली ती ठीक, ती त्याच्या मेलची किंमत होती, पण त्यापुढं डबा घेऊन शॉप-शॉप फिरायचं म्हणजे पेट्रोल आणि दिवस दोन्ही जातात. त्यानं तेवढंच सांगितलं, पेट्रोलचे आणि काहीतरी महिन्याचे द्या सर, घरून मागायला नको वाटतं. ठरलं असं की आधी दोन आठवडे एक डबा पाठवतो, काकांच्या शॉपमध्ये लाव, पेट्रोलचे देतो, आणि नोंदी कामाच्या निघाल्या तर पुढचे सहा आठवडे महिना आठ हजार. फार नाहीत, पण मागितले नसते तर शून्य होते.

बाकीच्या चार कंपन्यांनाही त्यानं असेच, प्रत्येकीला वेगळे, मेल लिहिले होते. एकीचं उत्तर आलं, आत्ता नको, डिसेंबरमध्ये विचार. तीन ठिकाणी शांतता, दुसऱ्या मेलनंतर पण. आणि ही पद्धत मोठ्या कंपनीत चालत नाही हेही सांगायला पाहिजे, तिथं मेल एचआरकडं जातो आणि एचआरला टाँग टेस्टरच्या शीटशी काही देणंघेणं नसतं, तिथं पोर्टलवर फॉर्मच भरावा लागतो.

डबा कुरिअरनं आला, काकांनी सही करून घेतला आणि शॉपमध्ये सगळ्यांना दाखवला म्हणे, पोराच्या कंपनीचा आहे म्हणून. दोन आठवडे नीट गेले, पुढच्या सहाचं पक्कं झालं, आणि मग अडकलं ते कॉलेजात. फाउंडरनं मेलवर लिहून दिलं होतं की हा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडं आहे. कॉलेजला ते चालेना, लेटरहेड पायजे, सही पायजे, गोल शिक्का पायजे, आणि पत्रात "इंटर्न" हाच शब्द पायजे. लेटरहेड एका दिवसात झालं. शिक्का त्या कंपनीकडं नव्हताच, सगळं ऑनलाइन चालतं, कधी लागलाच नव्हता. बारक्या म्हणाला इथं बनवून घेऊ काय, बाजारात दीडशे रुपयांत मिळतो, मी त्याला फोनवरच झापलो, दुसऱ्याच्या कंपनीचा शिक्का तू बनवणार होय रे. शेवटी फाउंडरनं बेंगळूरलाच करून घेतला, आणि त्याच्या ऑफिसातला खानापूरचा एक जण राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गावी येत होता, त्याच्याकडं पत्र दिलं. बारक्या सकाळी स्टेशनवर जाऊन घेऊन आला. शिक्का थोडा तिरका बसलाय, पण कॉलेजनं घेतला.